रात्री घरात फोनवर शूट करताना दाणे का येतात?

प्रश्न: रात्री खोलीत मोबाईलवर व्हिडिओ काढला की सगळीकडे दाणे दाणे दिसतात आणि फोकस सारखा पुढेमागे होतो, काय करू?

ऑटोवर आहे ना? मग फोन अंधार बघून आयएसओ, म्हणजे उजेड वाढवून दाखवायची सेटिंग, वाढवत सुटतो, दाणे तिथूनच येतात. प्रो मोड किंवा मॅन्युअल कंट्रोलवालं एखादं कॅमेरा ॲप घे, सेकंदाला २५ फ्रेम ठेव आणि शटर १/५० सेकंदावर फिक्स कर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/५० ला बल्बच्या लुकलुकीचे पट्टे सहसा येत नाहीत, १/६० ला येऊ शकतात. उजेड कमी पडतोय म्हणून १/२५ केलंस तर हात हलला की भुतासारखी शेपटी येते.

आता खरी गोष्ट, दिवा जवळ आण. मी आजीला पोळ्या लाटताना शूट करत होतो, टेबललॅम्प २ मीटरवर आणि आयएसओ १६००, चेहऱ्यावर नुसती रवाळ खिचडी. तोच लॅम्प १ मीटरवर फ्रेमच्या जरा बाहेर आणला, उजेड जवळपास चौपट झाला आणि आयएसओ ४०० वर आला, बाकी काही बदललं नाही. दिवा फ्रेममध्येच हवा असेल तर कॅमेऱ्याच्या बाजूने शेडवर बटरपेपर लाव (एलईडी असेल तरच हां, जुना पिवळा बल्ब तापतो), नाहीतर तिथे पांढरा डागच दिसेल.

फोकससाठी चेहऱ्यावर बोट दाबून धर, आयफोनवर AE/AF LOCK दिसेल, मग माणसाने पुढेमागे सरकायचं नाही. आणि झूम नको, मेन लेन्सच वापर, टेली म्हणजे झूमवाल्या लेन्सचा सेन्सर बहुतेक फोनमध्ये छोटा असतो.