निःक्षारीकरणात करिअर करायचे, तर नेमके काय शिकावे?

प्रश्न : मी रासायनिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या क्षेत्रात पुढे शिकायची इच्छा आहे. पण हे तंत्रज्ञान महाग आणि समुद्राला घातक असल्याने लवकरच मागे पडेल, असे काही जण सांगतात. मी यात पडावे का?

उत्तर : जरूर पडावे, मात्र वीज वाचवणारे नवे मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवून पाणी पलीकडे जाऊ देणारे पातळ पडदे, शोधायचे एवढाच हेतू मनात असेल, तर त्याचा पुनर्विचार करावा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांच्यामुळे मेम्ब्रेनवर पाण्याला परत खाऱ्या बाजूकडे खेचणारा साधारण २७ बार इतका परासरणी दाब येतो. निम्मे पाणी गोडे करून काढून घेतले की उरलेल्या पाण्यातील क्षार जवळपास दुप्पट होतात, म्हणून प्रत्यक्षात पंपांना ५५ ते ७० बार दाब द्यावा लागतो. निसर्गनियमानुसार या कामाला एका घनमीटरमागे किमान एक युनिटच्या आसपास वीज लागते, तर आजचे चांगले प्रकल्प सगळी यंत्रणा धरून तीन ते चार युनिटांत काम भागवतात. बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यातील दाबही ऊर्जा परत मिळवणाऱ्या यंत्रांनी बहुतांश वसूल केलेला असतो, त्यामुळे मेम्ब्रेन कितीही सुधारले तरी वीजखर्च आणखी फार खाली येणार नाही.

याउलट शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात लिटरमागे साधारण एक ग्रॅमच क्षार असतात. तेच पाणी त्याच प्रकारच्या मेम्ब्रेनमधून अतिशुद्ध करण्यास समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत साधारण तिसरा हिस्सा वीज पुरते. ऑस्ट्रेलियातील पर्थने २००६ मध्ये क्विनाना येथे समुद्राच्या पाण्याचा प्रकल्प सुरू केला आणि २०१७ पासून अतिशुद्ध केलेले सांडपाणी भूगर्भात साठवण्यास प्रारंभ केला. सिंगापूरने तर २००३ मध्येच पुनर्वापराची वाट धरली होती. या मार्गाची मर्यादा अशी की शहर जेवढे पाणी वापरते त्याहून अधिक सांडपाणी मिळत नाही आणि टंचाईत वापर घटला की तेही घटते. समुद्र मात्र पावसाची वाट पाहत नाही. म्हणून मोठी शहरे दोन्ही मार्ग ठेवतात आणि दोन्हीकडे एकाच कौशल्याची माणसे लागतात.

ते कौशल्य म्हणजे पूर्वप्रक्रिया, अर्थात मेम्ब्रेनपर्यंत पोहोचण्याआधी पाणी निवळ करणे. विद्यार्थी याकडे फारसे वळत नाहीत. प्रकल्प बंद पडतात ते मात्र बहुधा इथेच. २००८–०९ मध्ये पर्शियन आखातात लाल भरती आली, तेव्हा सूक्ष्म शेवाळाने गाळण्या तुंबून अनेक प्रकल्प काही काळ थांबवावे लागले. पाणी मेम्ब्रेनला चालेल का, हे ठरवण्याची एक साधी चाचणी आहे. ठरावीक दाबाने ०.४५ मायक्रॉनच्या गाळणपत्रातून ५०० मिलिलिटर पाणी जाण्यास लागणारा वेळ मोजायचा, पाणी वाहते ठेवायचे आणि १५ मिनिटांनी तोच वेळ पुन्हा मोजायचा. समजा, सुरुवातीला ३० सेकंद लागले आणि नंतर ५०, तर प्रवाह ४० टक्क्यांनी घटला. त्याला १५ ने भागले की निर्देशांक सुमारे २.७ येतो, म्हणजे पाणी चांगले आहे. मात्र दुसऱ्या वेळी १२० सेकंद लागले, तर घट ७५ टक्के आणि निर्देशांक ५ होतो, जो मेम्ब्रेन उत्पादक सहसा कमाल मर्यादा मानतात. गाळणपत्रावरचा डाग तपकिरी आहे की हिरवट, यावरूनही लोह की शेवाळ याचा अंदाज बांधता येतो.

समुद्राला होणाऱ्या हानीची शंका रास्त आहे. परत सोडलेले खारे पाणी जड असल्याने ते तळाशी बसते आणि आधीच मंद प्रवाह असलेल्या उपसागरात तळाजवळचा प्राणवायू कमी होण्याचा धोका वाढतो. अनेक छिद्रांच्या नळांतून जोराने सोडल्यास ते लवकर मिसळते. क्विनानाजवळच्या कॉकबर्न साउंड या उपसागरात म्हणूनच पाण्यातील प्राणवायूवर लक्ष ठेवले जाते. समुद्री प्रवाहांचे गणित येणाऱ्या अभियंत्यासाठी हे स्वतंत्र कार्यक्षेत्र आहे. पाणी आत घेतानाही अंडी आणि लहान जीव ओढले जातात, त्यामुळे आत घेण्याचा वेग कमी ठेवावा लागतो.

नोकरीच्या स्थैर्याबाबत मेलबर्नचे उदाहरण पाहा. दीर्घ दुष्काळात ठरवलेला तेथील प्रकल्प २०१२ मध्ये पूर्ण झाला, तोपर्यंत धरणे भरली होती; शहराने त्याचे पाणी प्रथम घेतले ते २०१७ मध्ये. करारानुसार त्या काळातही प्रकल्पाचे पैसे भरावेच लागले. एरवी नागरिकांना खटकणारी ही तरतूद कर्मचाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण बंद प्रकल्पातही मेम्ब्रेन ओले आणि जंतुमुक्त ठेवण्यासाठी माणसे लागतात. मुलाखतीत म्हणूनच एक प्रश्न अवश्य विचारा : प्रकल्पाला पैसे क्षमतेचे मिळतात, की प्रत्यक्ष पुरवलेल्या पाण्याचे? दुसरे उत्तर मिळाले, तर त्या शहराच्या धरणांतील मागील दहा-पंधरा वर्षांचा साठा तपासूनच निर्णय घ्या.