चमक, उठाव आणि झोल

*आमच्या इंदूरच्या मंडळात काही जण घरच्या घरी जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करतात. मॉनिटरवर छटा बरोबर दिसाव्यात म्हणून तो जुळवायचं यंत्र कोणाकडे नाही, डोळ्यानेच जुळवायचा. त्यासाठी सूचनापत्रक लिहितेय. ब्राइटनेसला 'चमक', कॉन्ट्रास्टला 'विरोधाभास' लिहिलंय. बरोबर आहे का? आणि गॅमाला काय लिहू?*

'चमक' आपल्या इंदुरी जिभेवर हिंदीतून बसली आहे. मराठीत चमक घासलेल्या भांड्याला असते, नाहीतर पाठीत भरते. 'विरोधाभास' तर अलंकार आहे, त्यात विरोध नुसता भासतो. इथे तो खराखुरा हवा आहे.

कॉन्ट्रास्टला मी 'उठाव' म्हणेन. माझे मामा राजवाड्याजवळच्या एका स्टुडिओत डार्करूम सांभाळत. प्रिंट मिळमिळीत आली की "उठाव नाही" म्हणत आणि हार्ड पेपर काढत. शब्द आपल्याकडे होताच. मॉनिटरवरचा उठाव पांढऱ्या टोकाला तपासायचा: छटांच्या ० ते २५५ या मापात काळं ० आणि शुद्ध पांढरं २५५; त्या २५५ वर २५० चा चौकोन काढा. तो पुसला गेला तर उठाव जास्त झाला, कमी करा. कंपनीने लावून दिलेला आकडा बहुधा ठीक असतो, उगाच हलवू नये.

ब्राइटनेसचं नाव मात्र फसवं आहे. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर त्या बटणाने काळ्याची पातळी वरखाली होई. आताच्या एलसीडीत बहुधा मागच्या दिव्याचा उजेड कमी-जास्त होतो. म्हणून सरळ 'उजेड' लिहा. स्क्रीनशेजारी कोरा कागद धरायचा. खोलीतल्या प्रकाशात कागद जितका उजळ दिसतो तितपतच स्क्रीनवरचं पांढरं दिसावं. काळ्यावर १० चा चौकोन दिसेनासा झाला तर आधी खिडकीचा पडदा ओढा. दुपारच्या उन्हात पुष्कळदा दोष मॉनिटरचा नसतो.

गॅमा हे ग्रीक अक्षर, ते तसंच राहू द्या. पण कंसात 'झोल' लिहा. (गडबड-घोटाळ्याचा झोल नव्हे, दोरीचा!) कपडे वाळत घालायची दोरी दोन खुंट्यांना बांधलेली असते. काळं आणि पांढरं या त्या खुंट्या, त्या हलत नाहीत. गॅमा वाढला की मधली दोरी खाली लोंबते, म्हणजे मधल्या छटा गडद होतात. उजेड वाढवला तर अख्खं चित्र उजळतं, झोल बदलला तर फक्त मधलं. एवढा फरक पत्रकात आला तरी पुरे.

हा झोल डोळ्याने मोजता येतो. एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा आडव्या रेघांचा पट्टा काढा. लांबून किंवा डोळे बारीक करून पाहिलं की रेघा मिसळतात आणि बरोबर निम्मा प्रकाश दिसतो. त्याला खेटून सपाट करड्याचा चौकोन ठेवा आणि त्याचा आकडा बदलत जा, मधली सीमा दिसेनाशी होईपर्यंत. निम्मा प्रकाश म्हणजे १२८ असं वाटतं, पण नेहमीच्या २.२ गॅमाला १२८ चा करडा जेमतेम २२ टक्के प्रकाश देतो. जुळणारा आकडा १८६ असतो.

माझ्या भाच्याने आजोबांच्या लग्नाचे फोटो दुरुस्त केले, आणि छापून आले ते सगळ्यांच्या तोंडाला काजळी फासल्यासारखे. त्याच्या मॉनिटरवर सीमा १७२ च्या आसपास विरली, म्हणजे गॅमा १.८ च्या जवळपास. झोल कमी, चेहरे आधीच उजळ दिसत, म्हणून त्याने ते गडद केले होते. मॉनिटरच्या मेनूत गॅमा खरंच १.८ वर होता. २.२ केल्यावर सीमा १८५-१८७ ला आली, आणि तेच फोटो आता त्यालाही काळवंडलेले दिसू लागले.

रेघांचं चित्र शंभर टक्के आकारातच पाहायचं, आणि पीएनजीत ठेवायचं. भाच्याने पहिल्यांदा जेपीजी घेतलं होतं, त्यात रेघा बिघडल्या. विंडोजने सगळं १२५ टक्के मोठं केलेलं असेल तरी रेघा विस्कटतात. रेघांऐवजी जाड-बारीक लाटा दिसल्या की ओळखावं. स्वस्त पॅनेलवर मान जरा खाली-वर झाली की करड्याची छटा बदलते, तेव्हा खुर्ची नेहमीच्या जागीच असू दे. मेनूत गॅमा नसेल तर विंडोजमध्ये `dccw` चालवा, तिथे गॅमाची सरकपट्टी मिळते.

रंगांची झाक, म्हणजे पांढरं पिवळसर आहे की निळसर, हे मात्र या पत्रकात घालू नका. पाच-दहा मिनिटांत डोळा तिला सरावतो आणि पिवळसरही शुभ्र वाटू लागतं.