गुडघे न दाखवता कॅल्शियम विकायचं कसं

सप्रेम नमस्कार,

कॅल्शियमच्या गोळीची तू पाठवलेली जाहिरात वाचली. ‘भारतातली नंबर १ कॅल्शियम गोळी. सांधेदुखी मुळापासून घालवा, फक्त ७ दिवसांत! १००% नैसर्गिक, कोणतेही दुष्परिणाम नाहीत.’ सोबत गुडघा धरून बसलेल्या आजी आणि शेजारी त्याच आजी जिना चढताना. क्लायंटने असंच मागितलं, असं तू लिहिलंयस. मागितलं असेलच. पण यातलं एकही वाक्य ठेवता येत नाही, आणि ती नुसती खोडून टाकली तर उरते ती रिकामी डबी. म्हणून कुठे काय काढायचं आणि त्या जागी काय भरायचं, ते या एकाच कामावर दाखवते.

आधी सांधेदुखीची ओळ. ही गोळी औषध म्हणून नाही, अन्नपूरक म्हणून नोंदवलेली आहे. लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. लेबल एक बोलतं आणि जाहिरात दुसरंच, हे चालत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत रोग बरा करण्याचा, त्यावर उपचार करण्याचा किंवा तो टाळण्याचा दावा अन्नपदार्थाला करता येत नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण मला दंडापेक्षा एक फोन जास्त आठवतो. सुरुवातीच्या वर्षांत मी अशीच ‘हाडं पुन्हा भक्कम’ म्हणून जाहिरात लिहिली होती. एका बाईंनी कंपनीला फोन करून विचारलं, ‘डॉक्टरांनी हाडांची इंजेक्शनं दिलीत, ती आता बंद करू का?’ त्यांनी माझं वाक्य अगदी बरोबर वाचलं होतं. चुकीचं मी लिहिलं होतं.

इथे नवीन माणूस एक पळवाट काढतो. ‘सांधेदुखी घालवते’ऐवजी ‘सांधेदुखीत आराम मिळायला मदत करते’. रोगाचं किंवा दुखण्याचं नाव वाक्यात राहिलं की क्रियापद कितीही मऊ करा, दावा तोच राहतो. ‘कॅल्शियमची कमतरता दूर करते’ हेही जपून. कमतरता आहे की नाही हे तपासून डॉक्टर ठरवतात. आपण ‘आहाराला पूरक’ एवढंच म्हणू शकतो. आणि चित्रही बोलतं. शब्द सगळे खोडले आणि गुडघा धरलेली आजी तशीच ठेवली, तर दावा जागचा हललेला नाही. ग्राहकाचा अनुभव म्हणून छापलेलं ‘माझे गुडघे दुखायचे थांबले’ हेही तसंच. वाक्य त्यांचं असलं तरी ते छापणारी कंपनी आहे, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी तिचीच.

तळाला बारीक अक्षरात खुलासा टाकूनही सुटका नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की दिशाभूल करणारा दावा खुलाशाने दुरुस्त होत नाही. खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, असंही त्यात आहे. आपल्याकडे मथळा मराठीत आणि तारांकित ओळ इंग्रजीत, ही जुनी खोड आहे. ती सोड.

आता ‘नंबर १’. क्लायंटला विचार: कशात, कुठे, कोणत्या वर्षी, कुणी मोजलं? कागद आला तर आकडा, वर्ष आणि मोजणाऱ्याचं नाव त्याच ओळीत लिही. बहुतेक वेळा कागद येत नाही. मग क्लायंटला ‘नंबर १’मधून मुळात काय सांगायचं होतं ते शोध. इथे मी त्यांच्या उत्पादन विभागाला विचारलं असतं की गोळीत नेमकं काय आहे. तू पाठवलेल्या लेबलच्या फोटोत १२५० मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट दिसतंय. त्याचा ४० टक्के भाग कॅल्शियमचा, म्हणजे शरीराच्या हिशोबात ५०० मि.ग्रॅ. पुष्कळ जण डबीवरचा १२५० हाच आकडा कॅल्शियमचा समजतात. जी जाहिरात स्वतःहून ‘यात ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम आहे’ म्हणते, तिच्यावर विश्वास बसतो. शिवाय एका वेळी ५०० मि.ग्रॅ.पर्यंतच कॅल्शियम चांगलं शोषलं जातं आणि कार्बोनेट जेवणासोबत घेतलेलं बरं. हे सगळं खरं आहे, तपासता येतं आणि गिऱ्हाइकाच्या कामाचं आहे. ‘नंबर १’मध्ये यातलं काहीच नव्हतं.

‘७ दिवसांत’ काढूनच टाक. आठवड्याभरात हाडांत काही जाणवेल असं म्हणायला आधार नाही. त्याऐवजी काळाचा खरा आकडा दे: डबीत ६० गोळ्या, रोज एक, दोन महिने. ‘१००% नैसर्गिक’ही नको, ‘नैसर्गिक’ शब्द कधी वापरायचा याच्या अटी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या त्याच नियमांत आहेत. लोकांचा खरा प्रश्न वेगळाच असतो, ‘शाकाहारी आहे ना?’ हिरवा ठिपका असेल तर तोच ठळक दाखव.

‘दुष्परिणाम नाहीत’ ही यादीतली सगळ्यात धोकादायक ओळ. कॅल्शियमने काहींना बद्धकोष्ठ होतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर थायरॉइडच्या गोळीचं शोषण कमी होतं, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. मुतखडा झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारायला हवं. ही ओळ घातली तर विक्री पडेल अशी क्लायंटला भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. केव्हा घेऊ नये हे सांगणाऱ्या डबीचं ‘केव्हा घ्यावं’ लोक ऐकतात.

मी लिहिलं तर असं लिहीन:

‘सकाळचं कपभर दूध झालं. पुढे?
२०० मि.लि. गाईच्या दुधात साधारण २४० मि.ग्रॅ. कॅल्शियम. प्रौढांसाठी रोजची शिफारस १००० मि.ग्रॅ.
दही, नाचणी, पालेभाज्या ताटात असतील तर उत्तमच. ज्यांच्या ताटात रोज जमत नाही, त्यांच्यासाठी जेवणासोबत एक गोळी: ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम, आणि ते शोषायला लागणारं ड जीवनसत्त्व.
थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. मुतखडा झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.’

रोजची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यातली आहे. तक्त्याचं पान फाइलला लाव. नाचणीची ओळ मात्र क्लायंट कापायला सांगेल. ती सोडू नकोस. समतोल आहारातून पोषण मिळूच शकत नाही असं सुचवायला नियमांत मनाई आहे, आणि त्या एका ओळीमुळेच बाकीची जाहिरात कुणाला घाबरवून विकत नाही. चित्रात गुडघ्यांऐवजी जेवणाचं ताट आणि शेजारी डबी असू दे.

एक गोष्ट मला फोटोत दिसली नाही: ड जीवनसत्त्वाचं प्रमाण. लेबलचा तो भाग दुमडलेला आहे. उत्पादन विभागाकडून आकडा लेखी मागव आणि तो येईपर्यंत ड जीवनसत्त्वाची ओळ मसुद्यात पेन्सिलीनेच ठेव.

तुझी,
ताई