बिलावर नुसती एकूण रक्कम असेल तर क्रेडिट अडकतं

प्रश्न: सीताबर्डीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, जीएसटी नंबर आहे. जून २०२५ मध्ये नागपुरातूनच ८२,६०० रुपयांची मशीन घेतली. बिलावर 'सर्व करांसह' एवढंच आहे, कर वेगळा दाखवलेला नाही. आमच्या मुनीमजींनी १८ टक्क्यांनी १४,८६८ रुपयांचं क्रेडिट घेतलं. आता नोटीस आली आहे. काय करावं?

उत्तर: मुनीमजींनी केलेली चूक इतवारीतल्या निम्म्या वह्यांत सापडेल. १८ टक्के मूळ किमतीवर लागतात, करासकट रकमेवर नाही. शंभराची वस्तू ११८ ला पडते, म्हणजे दर ११८ रुपयांत कर १८ रुपये. सीजीएसटी नियम ३५ मधलं सूत्र हेच आहे: ८२,६०० ला १८ ने गुणा, ११८ ने भागा. कर येतो १२,६०० आणि मूळ किंमत ७०,०००. विक्रेताही महाराष्ट्रातलाच, त्यामुळे ६,३०० केंद्राचे, ६,३०० राज्याचे. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याहून मशीन आली असती तर सगळे १२,६०० आयजीएसटी झाले असते.

ताळा करून पाहा. ७०,००० वर १८ टक्के लावले की बरोबर ८२,६०० होतात. मुनीमजींच्या हिशोबाने मूळ किंमत ६७,७३२. त्यावर १८ टक्के लावून एकूण ७९,९२४ च्या आसपासच पोचते. १४,८६८ मधून १२,६०० वजा करा, २,२६८ रुपये जास्त घेतलेत. ते परत करावेच लागतील, आणि वापरून टाकले असतील तर व्याजासकट.

पण खरी अडचण वेगळीच आहे. नियम ३६(२) बिलातल्या काही त्रुटी चालवून घेतो, मात्र कराची रक्कम, मालाचं वर्णन, एकूण मूल्य आणि दोघांचे जीएसटी नंबर बिलावर हवेतच. तुमच्या बिलावर कराची रक्कमच नाही. सूत्राने तुम्ही ती घरी काढाल, पण त्याने बिल दुरुस्त होत नाही. आज गरज आहे ती ७०,००० आणि १२,६०० वेगळे दाखवणाऱ्या, तुमचा नंबर असलेल्या बिलाची. शिवाय विक्रेत्याने ही विक्री विवरणपत्रात तुमच्या नंबरावर दाखवली पाहिजे, म्हणजे जीएसटी पोर्टलवर तुमच्या खरेदीच्या क्रेडिटची जी यादी दिसते, त्या २बी मध्ये ती दिसेल. विक्री नुसत्या ग्राहकाच्या नावे टाकली असेल, तर त्याला ती नोंद बदलावी लागेल.

त्याआधी बिलाचा माथा वाचा. तिथे विक्रेता कंपोझिशन योजनेतला असल्याचं छापलं असेल, तर त्याला कर घेण्याचाच अधिकार नाही. मग सूत्रही लागू नाही आणि क्रेडिट शून्य.

क्रेडिट घेण्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२६, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलंत तर त्या दिवसापर्यंत. बिल हातात पडलं त्याच दिवशी वाचलं असतं तर दुकानदाराने पाच मिनिटांत दुसरं छापून दिलं असतं. नोटिशीला उत्तर कसं द्यायचं हे ती पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पण उत्तराची तारीख चुकवू नका, आणि दुकानदाराला आजच लेखी मागणी करून त्याची पोच घ्या.