बसचा प्रवास आणि बदलाचा दर: पहिल्यांदा शिकवणार असाल तर

व्याख्येपासून सुरुवात करू नका. थांब्यावरून निघालेली बस घ्या आणि पहिल्या काही सेकंदांतलं तिचं अंतर s = t²/2 मीटर माना. 10 सेकंदांत बस 50 मीटर जाते. आता विचारा, दहाव्या सेकंदाला स्पीडोमीटर काय दाखवेल? बरीच मुलं 50 भागिले 10 करून 5 म्हणतील. तिथे घाई करू नका, कारण सगळा विषय त्या उत्तरात आहे. 5 हा निघाल्यापासूनचा सरासरी वेग आहे, त्या क्षणाचा नव्हे.

मग फळ्यावर कालावधी लहान करत न्या. 10 ते 12 सेकंदांत सरासरी 11 येते, 10 ते 11 मध्ये 10.5, आणि 10 ते 10.1 मध्ये 10.05. हे भागाकार मुलांनाच करू द्या. आकडे 10 कडे सरकताहेत हे त्यांना आपोआप दिसतं. भागायचा काळ शून्य धरता येत नाही, हेही इथेच सांगा.

समीकरण त्यानंतर. समजा, इथून पुढे वेग तेवढाच राहिला: ds/dt = 10. घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं तर s = 10t + 50. हे 50 मुलं हमखास विसरतात. दर फक्त अंतर किती झपाट्याने वाढतंय ते सांगतो. बस आत्ता कुठे आहे हे वेगळं द्यावं लागतं. त्याच वेगाची, पण थांब्यापासून 200 मीटरवर असलेली दुसरी बस काढून दाखवा. आलेखावर दोन समांतर रेषा येतील.