अडखळ त्यांची, उपाय तुझा

पोरी,

काल रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून तू पाच जणांनी तुझ्या कथेत काढलेल्या ४३ चुका वहीतून वाचून दाखवल्यास आणि म्हणालीस, "काका, सगळ्या दुरुस्त करते." घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

सगळ्या दुरुस्त करू नकोस. वाचक कुठं अडखळला हे तो खरंच सांगतो, त्यावर वाद घालायचा नाही. पण का अडखळला आणि काय करायला हवं, हे तो अंदाजानं सांगतो. अडखळ त्याची, उपाय तुझा. एवढं एक धरून ती वही पुन्हा वाच.

तुझ्या चौदाव्या पानाचंच बघ. थोरला मुलगा पुण्याची नोकरी सोडून गुऱ्हाळावर परत येतो, त्या पानावर तिघांनी बोट ठेवलं. एक म्हणाला संवाद लांबलेत, दुसरी म्हणाली आत्याचं पात्र काढून टाक, तिसऱ्याला मुलगाच पटला नाही. तू संवाद कापलेस, आत्याला हाकललंस आणि पान आणखी पांगळं झालं. अगं, दुखणं त्या पानावर नव्हतंच. सहाव्या पानावर बापानं कर्जाचा कागद लपवला, ते तू एका ओळीत उरकलंस. वाचकाच्या ते लक्षातच राहिलं नाही, मग मुलगा परत का आला हे त्याला कसं कळावं? तिघांनी तीन उपाय सांगितले, पण जागा एकच दाखवली. असं झालं की त्या जागेपासून मागं चालत जायचं. कारण बहुतेक वेळा आधीच्या पानांत सापडतं.

आता उलटं. एकाच वाचकानं सांगितलं म्हणून तू जे सोडून दिलंस, ते मला सोडवेना. ज्याच्या घरचं गुऱ्हाळ आहे तो म्हणाला, उकळत्या रसाची काहिली उतरवायच्या वेळी दोघं भाऊ भांडत उभे राहणार नाहीत. पाक गोळीला आला की जरा उशीर झाला तरी गूळ हातचा जातो, सगळे काहिलीला भिडलेले असतात. ही आवडीनिवडीची गोष्ट नाही, कामाची माहिती आहे. तिथं डोकी मोजायची नसतात, एक जाणता पुरे. पण "भांडण काढ" हा त्याचा उपाय मात्र घेऊ नकोस. पाक वाफ्यात ओतला, माणसं घाम पुसत बसली, तेव्हा भांडू दे त्यांना. बघ, इथंही अडखळ त्याची, उपाय तुझा.

वहीतलं "शेवट गोड हवा होता" हे वाक्य खोडून टाक. असं म्हणणाऱ्याला वेगळी कथा हवी आहे, ती त्यानं लिहावी.

आणि विचारायची ही कुठली पद्धत गं? "कशी वाटली?" असं विचारलं की माणूस एकतर कौतुक करतो, नाहीतर परीक्षक होतो. छापील प्रत दे, समास रुंद ठेव आणि तीनच खुणा करायला सांग: कंटाळा आला तिथं आडवी रेघ, कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह, पटलं नाही तिथं फुली. प्रती परत आल्या की सगळ्या खुणा वेगवेगळ्या रंगांनी एकाच प्रतीवर उतरव. समोर बसून ऐकत असशील तर खुलासा करू नकोस. तू तोंडानं जे समजावशील, ते कागदावर नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मी हे फार उशिरा शिकलो. माझ्या पहिल्या लांब कथेतली आजी एका मोठ्या माणसाच्या शब्दाखातर मी काढली. त्यांना ती कंटाळवाणी वाटली होती, आणि वाटणं खरंच होतं, कारण ती एकच गोष्ट तीनदा सांगत होती. त्यातलं दोनदाचं सांगणं कापलं असतं तर भागलं असतं. मी आजीच कापली. कथा छापून आली, पण ती मला आजही परकी वाटते. त्यानंतर बोलीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. "कोल्हापुरी जरा कमी करा" असं कितीतरी जणांनी सांगितलं. मी दर वेळी एवढंच तपासलं, की शब्द अडला की अर्थ अडला. अर्थ अडला तिथं शेजारचं वाक्य बदललं, शब्द तसाच ठेवला. लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत. ती माणसं दुसऱ्या भाषेत बोलली असती तर ती माझी राहिली नसती.

आता आठ दिवस कथेला हात लावू नकोस. मग आधी सहावं पान लिही, चौदाव्याकडं नंतर बघ. आत्याला परत आण. नवा खर्डा मात्र मला दाखवू नकोस, त्या पाच जणांनाही नको. कर्जाचा कागद आम्हाला आता ठाऊक आहे, त्यामुळं तो पानावर दिसतोय की नाही हे आम्हाला सांगता येणार नाही. तुझी राजारामपुरीतली मैत्रीण अजून वाचायची राहिली आहे ना? तिला दे.

काका