खोडलेली विहीर

"मॅडम, मावसभावाकडे थोडे पैसे उसने मागायचे आहेत. तो आता सुस्थितीत आहे, पण त्याला अवघडल्यासारखं होऊ नये आणि नाही म्हणायचं असेल तर सहज म्हणता यावं, असं कसं विचारू? चार दिवस मेसेज लिहितोय आणि पुसतोय."

मावसभाऊ, चुलतभाऊ, मामेबहीण, नातं बदलतं, पण ते लिहून पुसणं तेच असतं. उत्तरादाखल सातपूरच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ते एका कारखान्यात सुपरवायझर. मुलगी इंजिनिअरिंगला, फीचा दुसरा हप्ता १५ नोव्हेंबरला. ८०,००० रुपये कमी पडत होते. आतेभाऊ दिंडोरी तालुक्यात, द्राक्षाची बाग असलेला, वयाने चार वर्षांनी मोठा. घरात सगळे त्याला दादा म्हणतात, हेही दादाच म्हणतात आणि 'तुम्ही' म्हणतात. माझ्याकडे ते आले होते झोप लागत नाही म्हणून. पैशाचा विषय दुसऱ्या भेटीत निघाला, तोही उठता उठता.

"दादा नाही म्हणणारच नाहीत," ते म्हणाले.

"मग विचारताय कशाला?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी मेसेज दाखवा म्हटलं. तो असा होता: 'दादा, कसे आहात? बाग कशी आहे? फार अडचणीत आहे. तुमच्याशिवाय कोणापुढे तोंड उघडणार? आईसुद्धा म्हणाली, दादाच करील. ८०,००० हवे होते, निदान ४०,००० तरी बघा. विहिरीच्या वेळी अण्णांनी मागचापुढचा विचार न करता दिले होते ते तुम्हाला आठवतच असेल. नाही म्हणू नका.'

वरवर पाहिलं तर यात उद्धट काहीच नाही. उलट गोडवाच आहे. पण दादाच्या जागी बसून वाचा. 'तुमच्याशिवाय कोण' म्हटल्यावर नकार म्हणजे भावाला वाऱ्यावर सोडणं. 'आई म्हणाली' म्हटल्यावर नकार मामीलाही. 'निदान ४०,०००' म्हणजे पहिलं दार बंद केलंत तर दुसऱ्या दारात मी उभाच आहे. आणि 'नाही म्हणू नका' तर उघडच आहे. प्रत्येक वाक्याने एकेक खिडकी लावून घेतली होती.

मी सुधारून दिलं नाही. शब्द सुधारून दिले की माणूस ते शब्द घेऊन जातो आणि मनातली सक्ती तशीच राहते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी घडण झाली आहे. 'मिळाले तर बरं' आणि 'मिळालेच पाहिजेत' यांतलं अंतर ओळखणं हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. म्हणून मी त्यांना एकच काम दिलं: दादाच्या वतीने नकाराचा मेसेज लिहा. दादा बोलतात तसा, दोन ओळींचा.

पुढच्या भेटीला ते कोरा कागद घेऊन आले. जमलं नाही म्हणाले. मग तिथेच बसवलं. बराच वेळ गेला, चहा गार झाला. शेवटी लिहिलं: 'भाऊ, यंदा छाटणीला मजूर मिळेना, पेस्टचे आणि औषधाचे पैसे दुकानात उधार आहेत. या वेळी नाही जमत रे.'

लिहून झाल्यावर ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, ऑक्टोबर चाललाय." नाशिकच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या छाटणीपासून नुसता खर्च सुरू होतो आणि माल निघून व्यापाऱ्याचे पैसे हातात येतात ते साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. बागायतदार भाऊ सुस्थितीत दिसतो, आणि असतोही, पण या महिन्यांत त्याचा हात अडकलेला असतो. हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त मागताना आठवलं नव्हतं.

मी विचारलं, "आणि विहीर?"

इथे ते गप्प झाले. मग हळूहळू बाहेर आलं. वीसेक वर्षांपूर्वी आत्याच्या विहिरीला यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, पैसे दिले होते, ते वर्षभरात परतही आले होते. हिशेब फिटला होता. पण घरात तो कधीच फिटला नव्हता. दर सणाला कोणीतरी 'आपण त्यांची विहीर केली' म्हणायचंच. "म्हणजे मी उसने मागतच नव्हतो," ते म्हणाले, "वसूल करत होतो." त्यांनी पेन घेतलं आणि ती ओळ स्वतः खोडली. या कामात इतकी वर्षं काढली तरी असं खोडणं समोर बघितलं की मला अजून बरं वाटतं. त्या रात्री ते झोपले, असं नंतर कळलं.

एरवीही मी हीच कसोटी लावायला सांगते. समोरच्याचा नकार त्याच्या शब्दांत लिहून बघा, आणि त्याखाली तुमचं उत्तर. उत्तरात 'का?' किंवा 'ठीक आहे, बघतो मी माझं' असं काही उमटलं तर अजून विचारू नका.

यानंतर भाषेकडे आलो. मराठीने आपली इथे मोठी सोय केली आहे. 'द्याल का?' याचं उत्तर 'नाही देणार' असं येतं, त्यात देणारा उघडा पडतो. 'जमण्यासारखं आहे का?' याला 'नाही जमत' म्हणता येतं, त्यात दोष कोणाचाच नाही, परिस्थितीचा. मात्र 'तुम्हाला जमेलच' म्हटलं की सगळं मुसळ केरात.

आकड्यावर त्यांनी वाद घातला. 'जेवढे जमतील तेवढे' हे त्यांना जास्त नम्र वाटत होतं. मला ते जास्त जाचक वाटतं, कारण मग दादालाच ठरवायचं की आपली लाज किती रुपयांची, आणि काहीही दिलं तरी कमीच वाटणार. एक आकडा, परतफेडीच्या तारखा, बस्स. त्या आकड्याखाली दुसरा लहान आकडा ठेवायचा नाही. दादाला वाटलं तर तो स्वतः म्हणेल.

खरा वाद झाला तो मेसेजवरून. "मोठ्या भावाला पैसे मेसेजवर मागायचे? समक्ष जाऊन बोलणं हा मान असतो." हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, आपल्याकडे तसंच मानतात. पण दिंडोरीला गेलात, वहिनींनी पोहे केले, आत्या शेजारी बसल्या, आणि तुम्ही विषय काढलात, तर त्या माणसाने नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? तो सगळ्यांदेखत 'बघू' म्हणेल आणि मग महिनाभर तुमचा फोन टाळेल. मान द्यायला समक्ष जा, पण आधी किंवा नंतर. विचारायचं मात्र एकट्याला आणि उत्तराला वेळ राहील असं. दादा स्वतःचा फोन स्वतः वाचतात, म्हणून मेसेज चालला. काही घरांत मोठ्यांचे मेसेज मुलं मोठ्याने वाचून दाखवतात. तिथे फोन करावा, विषय सांगावा आणि 'आत्ता उत्तर देऊ नका, तुम्हीच सवडीने कळवा' म्हणून ठेवून द्यावा.

शेवटची अडचण राहिली: नाही म्हणायला पण दोन ओळी लिहाव्या लागतात आणि त्याच माणसाला जड जातात. यावर आम्ही दोघांनी मिळून जो तोडगा काढला तो मी तेव्हापासून सगळ्यांना देते. गप्प राहणं हेच उत्तर धरायचं, आणि तसं आधीच सांगून ठेवायचं.

दुसरी सोय आहे असं लिहायचं तर ती खरोखर असली पाहिजे, म्हणून मी त्यांना आधी कंपनीच्या पतसंस्थेचा फॉर्म आणायला लावला. व्याजाचा दर मेसेजमध्ये घालू दिला नाही, ती दया मागण्याची चोरवाट झाली असती. दुसरी सोय नसेल तर खोटं लिहू नये, 'आणखी ठिकाणीही विचारतो आहे' एवढंच लिहावं.

शेवटी गेला तो मेसेज असा:

'दादा, नमस्कार. पैशांबद्दल एक विचारायचं आहे. पोरीच्या फीचा हप्ता १५ नोव्हेंबरला आहे, माझ्याकडे ८०,००० कमी पडतात. तेवढे उसने देणं जमण्यासारखं आहे का? जमलं तर जानेवारीपासून दर महिन्याच्या ७ तारखेला १०,००० याप्रमाणे ऑगस्टपर्यंत परत करीन, घेणं-देणं दोन्ही बँकेतून. छाटणीचे दिवस आहेत हे मला माहीत आहे. पतसंस्थेचा फॉर्म भरून तयार आहे, त्यामुळे नाही जमलं तरी फी अडणार नाही. कारण सांगायची गरज नाही. रविवारपर्यंत काही कळवलं नाहीत तर जमत नाही असं समजून मी सोमवारी फॉर्म देईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. आत्याला किंवा आईला यातलं काही बोललेलो नाही.'

बँकेतून हे नुसतं शिस्तीसाठी नाही. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम सर्वसाधारणपणे रोख उसनी घेता येत नाही, भाऊ असला तरी. दोघेही फक्त शेतीच्या उत्पन्नावरचे असतील तर सवलत आहे, पण इथे एकजण पगारदार होता.

"कोरडं वाटतं," ते म्हणाले. मी म्हटलं, पहिल्या मेसेजमध्ये ओलावा होता, पण त्यात दादा बुडाले असते.

शनिवारी उत्तर आलं: 'भाऊ, या वेळी नाही जमत.' एवढंच. त्यांनी मला फोन केला, आवाज उतरलेला. वाईट वाटणारच, मेसेज चांगला लिहिला म्हणून नकार गोड होत नाही. आमचं आधीच ठरलं होतं त्याप्रमाणे त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर गेलं: 'बरं झालं लगेच कळवलंत. सोमवारी फॉर्म देतो.' त्यात 'काही हरकत नाही, सवय आहे' असलं काही नव्हतं. आणि आठवड्याच्या आत पैशांशी संबंध नसलेला एक फोन करायचा होता. तो त्यांनी बुधवारी केला, अवकाळी पाऊस झाला म्हणून. पहिली दोन मिनिटं अवघड गेली, दादा कारणं सांगायला लागले. यांनी विषय बागेकडे वळवला.

पतसंस्थेचं कर्ज वेळेत झालं. भाऊबीजेला सगळे आत्याकडे जमले. दादांनी त्यांना पडवीत बाजूला घेऊन विचारलं, "फीचं झालं ना?" "झालं," हे म्हणाले. मग दोघे द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या फवारणीवर बोलत बसले, जेवायला हाक मारेपर्यंत.